न फाडलेल्या पावत्या

दुकानदाराच्या मोबाईलमध्ये महिनाअखेरीस जे फोटो साठलेले असतात, त्यांतला प्रत्येक फोटो एकच गोष्ट सांगतो: इतके पैसे गेले. ते कशासाठी गेले, कोणाच्या कामी आले आणि त्यातला सरकारचा वाटा किती, हे फोटो सांगत नाही. ते दुकानदाराने ठरवायचं असतं. पावत्यांची वर्गवारी म्हणजे नेमकं हेच काम. दर महिन्याला ते करताना मला एक गोष्ट अधिकाधिक पटत जाते. फोटो लावून होतात तेव्हा अर्धंच काम झालेलं असतं. उरलेलं अर्धं असतं ज्यांची पावती कधी फाटलीच नाही, अशा व्यवहारांचं.

आमचं दुकान कडावला, किराणा आणि जनरल स्टोअर्स. गिऱ्हाईक दोन तऱ्हेचं. एक आसपासच्या गावपाड्यांवरचं, सुटा तांदूळ, डाळ, गूळ, कांदे-बटाटे नेणारं. संकष्टी-अंगारकीला बाल दिगंबराच्या दर्शनाला येणारी माणसं जाताजाता बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या घेतात, तीही यातच. दुसरं गिऱ्हाईक फार्महाऊस आणि रिसॉर्टवाल्यांचं. त्यांना साबण, धुण्याची पावडर, फिनेल खोक्यांनी लागतं आणि बिलावर त्यांचा जीएसटी क्रमांक हवा असतो. छोट्या दुकानदाराला कंपोझिशनची वाट मोकळी आहे. करपात्र विक्रीवर 1 टक्का भरला की झालं, पण मग गिऱ्हाईकाला कराचं बिल देता येत नाही आणि स्वतःच्या खरेदीवर भरलेला करही वळता करून घेता येत नाही. रिसॉर्टवाल्यांसाठी आम्ही नेहमीची नोंदणी ठेवली. म्हणूनच खरेदीच्या प्रत्येक पावतीला आमच्याकडे किंमत आहे. तिच्यावर भरलेला कर विक्रीवरच्या करातून वजा होतो. यालाच क्रेडिट म्हणतात.

फोटो काढायला लागलो ते कागदामुळे. डिस्ट्रिब्युटरच्या गाडीवरचा मुलगा कमरेच्या छोट्या मशीनमधून जे बिल काढून देतो, त्यात शाई नसतेच. तो उष्णतेने काळा होणारा थर्मल कागद असतो. ओळखायची खूण सोपी आहे, नखाने जोरात ओरखडा ओढला की काळी रेघ उमटते. तोच कागद उन्हात, शेगडीजवळ किंवा चकचकीत प्लास्टिकच्या पाकिटात राहिला की अक्षरं पुसट होत जातात. पावसाळ्यात आमच्याकडे भिंतीसुद्धा ओल्या असतात. जूनमध्ये गल्ल्याखाली सारलेलं बिल गणपतीपर्यंत कोरं होऊ शकतं. कायद्याने मात्र ही कागदपत्रं वार्षिक विवरणाच्या अखेरच्या तारखेपासून 72 महिने, म्हणजे सहा वर्षं जपायची असतात. म्हणून फोटो त्याच दिवशी काढायचा. मूळ कागदही फेकायचा नाही, साध्या कागदी पाकिटात महिनावार ठेवायचा.

फोटो काढण्यालाही रीत आहे. बिल सपाट ठेवायचं, चारही कोपरे दिसले पाहिजेत, आणि तीन गोष्टी स्वच्छ वाचता आल्या पाहिजेत: दोघांचे जीएसटी क्रमांक, बिलाचा क्रमांक आणि तारीख. महाराष्ट्रातला जीएसटी क्रमांक 27 ने सुरू होतो आणि एकूण पंधरा अक्षरांचा असतो. आपला क्रमांक बिलावर नसेल तर ते बिल दुकानाच्या नावाचं असूनही क्रेडिटच्या कामाचं नाही. पाठवतानाही जपावं लागतं. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो बारीक होतो आणि 3 चा 8 दिसू लागतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर जसाच्या तसा जातो. फाईलच्या नावात तारीख, पुरवठादार आणि बिल क्रमांक टाकला की पुढचा शोध वाचतो.

वर्गवारीला बसताना पहिली चाळणी दुबार फोटोंची. एकाच मालाचं आधी डिलिव्हरी चलन येतं, मग बिल येतं, आणि रात्री दोघांचेही फोटो निघालेले असतात. रक्कम बघून दुबार ओळखायला जाऊ नये. एकाच डिस्ट्रिब्युटरची सारख्याच रकमेची दोन खरी बिलं असू शकतात, दर सोमवारी तोच माल येतो तेव्हा असतातच. पुरवठादार तोच आणि बिल क्रमांकही तोच, तर दुबार. चलन हे बिल नव्हे, ते बाजूला.

मग ढीग पडतात. माझ्याकडे ते चार असतात. पहिला करपात्र मालाचा, म्हणजे साबण, धुण्याची पावडर, बिस्किटं, छत्र्या. दुसरा करमुक्त मालाचा, म्हणजे सुटं धान्य, कांदे-बटाटे आणि 22 सप्टेंबर 2025 पासून वह्या-पेन्सिलीही. तिसरा दुकान चालवायच्या खर्चाचा: भाडं, इंटरनेट, सल्लागारांची फी, वीज, टेम्पोचं डिझेल. चौथा ढीग अडलेल्यांचा. ज्यांचं काहीतरी कमी आहे अशी बिलं तिथे थांबतात.

वरवर पाहता वाटतं, वस्तू बघितली की ढीग ठरला. तसं नसतं. धुण्याच्या पावडरीवर 18 टक्के आहे आणि अंगाच्या साबणावर आता 5, त्यामुळे एकाच बिलातल्या दोन ओळी वेगवेगळ्या दराच्या असतात आणि पूर्ण बिल एका आकड्याने उचलता येत नाही. तांदळाचं आणखी बारीक आहे. 25 किलोपर्यंतच्या लेबल छापलेल्या बंद पिशवीवर 5 टक्के कर आहे, त्याहून मोठ्या पोत्यावर नाही आणि सुट्यावरही नाही. आता 10 किलोची बंद पिशवी मी कर भरून घेतली आणि तशीच विकली, तर ती पहिल्या ढिगातली. तीच पिशवी फोडून किलो-किलो विकली, तर विक्री करमुक्त होते आणि खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिट मला मिळत नाही. पिशवी एकच, बिल एकच, फोटोही एकच. ढीग ठरतो तो पुढे तिचं काय झालं त्यावर. खर्चाच्या ढिगातही असंच आहे. माल आणायला कल्याणला गेलो आणि दुपारी जेवलो, तर ते बिल दुकानाचा खर्च म्हणून लिहिता येतं, पण जेवणावरच्या कराचं क्रेडिट कायद्यानेच बंद आहे. डिझेल आणि विजेच्या बिलांत जीएसटीच नसतो, तेव्हा त्यांचा प्रश्न येत नाही. खर्च मान्य होणं आणि क्रेडिट मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एका फोटोवर या दोन्ही खुणा वेगवेगळ्या कराव्या लागतात.

महिना संपल्यावर 11 तारखेपर्यंत दरमहा विवरण भरणाऱ्या सगळ्यांनी आपापल्या विक्रीचं GSTR-1 भरायचं असतं. 14 तारखेला पोर्टलवर माझ्या नावाचं GSTR-2B तयार होतं. मला माल विकणाऱ्यांनी आपापल्या विवरणात माझ्या नावावर जी बिलं दाखवली, त्यांची ती यादी. माझं GSTR-3B भरायची मुदत 20 तारीख. म्हणजे मधल्या सहा दिवसांत माझे फोटो आणि ती यादी समोरासमोर ठेवायची. 1 जानेवारी 2022 पासून नियम असा आहे की बिल हातात असून भागत नाही, ते यादीतही दिसलं पाहिजे.

जूनच्या बिलांत धुण्याच्या पावडरीचं एक बिल असं अडलं. दहा हजारांचा माल, वर 1,800 कर. माल आला, विकूनही झाला, पैसे दिले, फोटो स्वच्छ. यादीत मात्र नाही.

मी कर्जतच्या सल्लागारांना फोन केला. म्हटलं, "साहेब, बिल तर माझ्या हातात आहे. पैसेही बँकेतून दिलेत."

ते म्हणाले, "शेठ, तुमच्या हातात आहे, पण त्यांनी भरलेल्यात नाही. या महिन्यात ते धरायचं नाही. त्यांना बिल नंबर आणि तारीख लिहून पाठवा. त्यांनी पुढच्या महिन्यात दाखवलं की आपण तेव्हा घेऊ."

"आणि नाहीच दाखवलं तर?"

"तर पुढच्या वर्षीच्या 30 नोव्हेंबरपर्यंत मागे लागायचं. म्हणजे आर्थिक वर्ष संपल्यानंतरचा नोव्हेंबर. त्यानंतर ते क्रेडिट गेलं असं समजा."

तेव्हा अडलेल्यांच्या ढिगात नुसता फोटो ठेवून चालत नाही. त्याच्यावर कारण आणि मुदत लिहावी लागते. काहींचं कारण वेगळं असतं. 30 जूनच्या बिलाचा माल पावसात गाडी अडकल्यामुळे 2 जुलैला उतरला, तर यादीत बिल दिसूनही क्रेडिट जुलैचं, कारण माल हातात पडल्याशिवाय ते घेता येत नाही. अशा बिलांनी मला एक शिकवलं. क्रेडिट म्हणजे बिलावर छापलेली सवलत नव्हे. आधीच्या माणसाने कर सरकारकडे पोचवला, या भरवशावर ते उभं असतं. त्यामुळे माल कोणाकडून घ्यायचा हे ठरवताना भावाच्या जोडीला, तो विवरण वेळेवर भरतो का, हेही मी आता बघतो.

आता न फाडलेल्या पावत्यांकडे येतो. अशा तीन असतात.

पहिली भाड्याची. दुकानाचे मालक गावातलेच, त्यांची जीएसटी नोंदणी नाही. दर महिन्याला ते 6,000 ची साधी पावती देतात आणि तिच्यावर कराची ओळ नसते. ती बघून वाटतं की इथे करच नाही. पण 10 ऑक्टोबर 2024 पासून नियम बदलला. नोंदणी नसलेल्या मालकाकडून दुकानाची जागा भाड्याने घेतली, तर तिच्यावरचा 18 टक्के कर नोंदणी असलेल्या भाडेकरूने स्वतः भरायचा, आमच्या बाबतीत 1,080. त्यासाठी आपणच आपल्या नावाने बिल करायचं. हा कर रोखीनेच भरावा लागतो, साठलेल्या क्रेडिटमधून वळता करता येत नाही. भरल्यावर मात्र त्याचं क्रेडिट मिळतं. जुन्या सवयीने भाड्याची पावती 'कर नाही' या ढिगात टाकली, की ही चूक महिनोन्महिने कोणाच्या ध्यानात येत नाही, आणि नोटीस येते तेव्हा व्याजासकट येते.

दुसरी न फाडलेली पावती घराची. दुकान पुढे, घर मागे. अंगाचा साबण संपला की आतून हाक येते आणि फळीवरची वडी आत जाते. तेल, बिस्किटं, चहापूड, दात घासायची पेस्ट, सगळं असंच. यात कोणाला काही गैर वाटत नाही आणि ते गैर नाहीच. दुकानदाराच्या घरानेही खायचं-ल्यायचं असतंच. पण ज्या वडीवर मी क्रेडिट घेतलं, ती विकली गेली नाही, घरी वापरली गेली. तिच्यावरचं क्रेडिट परत करावं लागतं, आणि हिशेबात ती खरेदी म्हणून न ठेवता मालकाची उचल म्हणून लिहावी लागते. हे सांगणारा एकही फोटो मोबाईलमध्ये नसतो. म्हणून आमच्याकडे मागच्या दाराच्या चौकटीला दोरीने एक वही बांधलेली आहे. जो आत नेईल त्याने लिहायचं. सगळ्यात नेमाने लिहिते ती आमची सौ. जूनमध्ये त्या वहीत 5 टक्क्यांच्या मालाची खरेदी किंमत 2,400 झाली, म्हणजे 120 रुपयांचं क्रेडिट परत.

तिसरी वाया गेलेल्या मालाची. मुदत संपलेला माल डिस्ट्रिब्युटर परत घेतो आणि क्रेडिट नोट देतो, तेव्हा निदान कागद तरी असतो. पण कौलातून गळून भिजलेलं बिस्किटांचं खोकं, उंदराने कुरतडलेले पुडे कोणी परत घेत नाही. ते आपण उकिरड्यावर टाकतो आणि विसरतो. नष्ट झालेल्या मालाचंही क्रेडिट ठेवता येत नाही. जूनमध्ये हजार रुपयांची बिस्किटं भिजली, त्यावरचे 50 परत.

यानंतर एक काम राहतं, खर्चाच्या ढिगाची फोड. भाड्यावरचे 1,080, इंटरनेटचे 180 आणि सल्लागारांच्या फीवरचे 360 मिळून 1,620 होतात. पण ही जागा, हे इंटरनेट, ही फी काही एकट्या साबणाच्या विक्रीसाठी नाहीत, सुट्या तांदळाच्या विक्रीसाठीही आहेत, आणि तांदळावर मी गिऱ्हाईकाकडून कर घेत नाही. जूनची विक्री 4 लाखांची, त्यात 1 लाख 60 हजार करमुक्त, म्हणजे 40 टक्के. तेव्हा 1,620 मधले 40 टक्के, म्हणजे 648 सोडायचे आणि उरलेले 972 घ्यायचे. वर्षअखेरीस पूर्ण वर्षाच्या विक्रीवर हे प्रमाण पुन्हा तपासतात, कारण भाताच्या लावणीच्या दिवसांतली आमची विक्री आणि दिवाळीतली विक्री सारख्या मालाची नसते.

आता बेरीज मांडू. 5 टक्क्यांची विक्री 1,80,000, तिच्यावर कर 9,000. 18 टक्क्यांची विक्री 60,000, तिच्यावर 10,800. गिऱ्हाईकांकडून आलेला कर 19,800. खरेदीच्या बिलांवरचं क्रेडिट 17,000 होतं, त्यातून अडलेल्या बिलाचे 1,800 वगळले, 15,200 उरले. घराचे आणि भिजलेल्या मालाचे 170 परत केले, 15,030. खर्चाचे 972 मिळवले, 16,002. भरायचे 3,798 आणि भाड्यापोटी वेगळे 1,080. हे पैसे केंद्र आणि राज्य यांच्यात निम्मे-निम्मे वाटले जातात, पण दुकानाच्या दृष्टीने बेरीज तीच.

या मांडणीत दोन आकडे शेजारी ठेवून बघण्यासारखे आहेत. पावडरीचं ते एक बिल यादीत असतं, तर मला 3,798 ऐवजी 1,998 भरावे लागले असते. एका बिलाने भरणा जवळजवळ दुप्पट केला. त्याच्यासमोर घराचे 120 अगदीच किरकोळ दिसतात. व्यवहारी माणूस म्हणेल, हजारांच्या हिशेबात या शंभर रुपयांमागे कशाला लागायचं? कोण तपासायला येतंय घरातला साबण?

मी त्यावर पुष्कळ विचार केला आहे. 1,800 रुपये मोठे असले, तरी त्यांची राखण करायला सगळं जग आहे. पोर्टल आहे, यादी आहे, सल्लागार आहेत, डिस्ट्रिब्युटरच्या ऑफिसातला माणूस आहे. बिल सापडेल, पुढच्या महिन्यात येईल. 120 ची राखण करायला मात्र माझ्याशिवाय कोणी नाही. दुसरं असं की ते 19,800 मुळात माझे नव्हतेच. पाड्यावरची बाई पावडरीचा पुडा घेते, तेव्हा त्या किमतीत तिचा कर आलेला असतो. ती तो मागत नाही, मोजत नाही, तिच्या हातात पावतीही बहुतेक वेळा जात नाही. माझ्या गल्ल्यात तो थोडे दिवस थांबतो इतकंच. त्यातून मी क्रेडिट म्हणून जे वजा करतो, ते तिच्या पैशातून वजा करतो. विकलेल्या मालावर मी आधीच कर भरला होता, म्हणून ती वजावट न्याय्य आहे. पण माझ्या घरच्या अंघोळीच्या साबणावरचा कर तिने का भरावा? वहीत ती ओळ लिहिली नाही, तर नेमकं तेच होतं, आणि कोणाला कळतही नाही.

म्हणून मी क्रम बदलला आहे. पूर्वी वर्गवारीला बसलो की आधी मोबाईल उघडत असे आणि मागच्या दाराची वही आठवली तर शेवटी. शेवटी म्हणजे थकल्यावर, आणि थकल्यावर माणूस स्वतःला सवलत देतो. आता वही आधी. घराची पानं, भिजलेल्या मालाची टिपणं, भाड्याचं स्वतःच्या नावाचं बिल, ही तीन पूर्ण झाल्यावरच मी फोटोंना हात लावतो. ज्यांची पावती दुसऱ्याने फाडली आहे, त्यांचा हिशेब चुकला तरी कोणीतरी टोकेल. ज्यांची पावती कोणीच फाडली नाही, त्यांची आपण फाडायची, आणि ती आधी.